घटक ६ : प्रकल्प पूर्ण झाल्यावर रोजंदारी कामगारांना द्यावयाची सेवासमाप्तीची सूचना

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
– सेवासमाप्तीच्या सूचनेतील कारण, तारीख आणि देय रकमा नेमक्या शब्दांत मांडता येतील;
– प्रत्येक रकमेचा आधार सूचनेतच कसा दाखवावा, हे सांगता येईल;
– पोच आणि संमती यांतील भाषिक भेद ओळखता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन परिपत्रकाचा अभ्यास केला. परिपत्रक अनेकांसाठी असते आणि ते फलकावर लावले तरी चालते. या घटकात विचारात घ्यावयाची सूचना मात्र एका व्यक्तीच्या हाती द्यावयाची असते. पूल, कालवा किंवा इमारत यांचे काम पूर्ण झाले की त्या कामापुरते घेतलेले रोजंदारी कामगार मोकळे होतात. आपले काम का संपले, कोणत्या दिवशी संपले आणि आपल्याला किती पैसे मिळणार, हे त्यांना या एका कागदावरून कळते. पुढे वाद झाला तर हाच कागद पुरावा ठरतो. आपणांपैकी काहीजण असा मसुदा कार्यालयात तयार करत असतील, तर काहींच्या घरी तो आलाही असेल. दोन्ही बाजूंनी तो वाचता यावा, हे या घटकाचे प्रयोजन आहे.

६.३ सदोष मसुद्याचे परीक्षण

प्रथम पुढील मसुदा वाचा.

“आपणास कळविण्यात येते की, काम संपत आल्याने आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. सबब आपणास कामावरून कमी करण्यात येत आहे. आपली नियमानुसार देय असलेली रक्कम यथावकाश अदा करण्यात येईल. वरील मजकूर मान्य असून माझी कोणतीही तक्रार नाही. कामगाराची सही / अंगठा.”

व्याकरणाच्या दृष्टीने या मसुद्यात चूक नाही. त्याचे दोष अर्थाच्या पातळीवर आहेत. ‘संपत आल्याने’ या शब्दांवरून काम संपले की थोडे शिल्लक आहे, हे कळत नाही. कामाचे नावही दिलेले नाही. ‘कामावरून कमी करण्यात येत आहे’ या शब्दयोजनेतून मालकाचा निर्णय दिसतो, पण त्यामागील कारण आणि त्याची तारीख दिसत नाही. ‘नियमानुसार’ म्हणजे कोणत्या नियमानुसार, आणि ‘यथावकाश’ म्हणजे केव्हा? ही दोन्ही क्रियाविशेषणे वाक्याला भारदस्तपणा देतात, परंतु माहिती काहीच देत नाहीत. शेवटचे वाक्य सर्वांत गंभीर आहे. कागद मिळाल्याची पोच आणि हक्क सोडल्याची संमती या दोन वेगळ्या गोष्टी त्यात एकाच सहीखाली आणल्या आहेत.

६.४ देय रकमांचा आधार

रकमांची यादी लिहिण्यापूर्वी त्या कशा ठरतात, हे समजणे आवश्यक आहे. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका ठेकेदाराने नदीवरील पुलाचे काम १ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू केले आणि ते ३१ मे २०१९ रोजी पूर्ण झाले. या कामावरील एक कामगार ५ नोव्हेंबर २०१६ पासून रोज ५०० रुपये मजुरीवर होता. त्या वेळी औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ लागू होता.

या अधिनियमात बांधकामाच्या प्रकल्पांसाठी स्वतंत्र तरतूद होती. काम सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत पूर्ण होऊन बंद झाले, तर नुकसानभरपाई देय होत नसे. ते दोन वर्षांत पूर्ण झाले नाही, तर सलग सेवा झालेल्या कामगारास एक महिन्याची लेखी सूचना किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचे वेतन, आणि त्याशिवाय नुकसानभरपाई मिळत असे. आपल्या उदाहरणातील काम तीन वर्षांहून अधिक काळ चालले. म्हणून सूचनेत कामगाराच्या सेवेच्या तारखांबरोबर कामाच्या आरंभाची तारीखही लिहावी लागते. ती गाळली, तर भरपाई देय आहे की नाही, हे वाचणाऱ्यास ठरवता येत नाही.

सलग सेवेची कसोटी हजेरीपटावर, म्हणजे कामावरच्या भाषेत मस्टरवर, लागते. आधीच्या बारा महिन्यांत किमान २४० दिवस भरले, तर एक वर्षाची सलग सेवा धरली जाते. भर पगारी साप्ताहिक सुट्ट्याही या दिवसांत मोजल्या जातात. आपल्या उदाहरणातील कामगाराचे दरवर्षी २४० पेक्षा अधिक दिवस भरले आहेत, असे समजू.

नुकसानभरपाई प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन या प्रमाणात मिळते. उरलेला काळ सहा महिन्यांपेक्षा अधिक असेल, तर त्याचेही एक वर्ष धरतात. या कामगाराची सेवा दोन वर्षे, सहा महिने आणि आणखी काही दिवस इतकी भरते. हे वरचे दिवस महिन्याहून कमी आहेत, तरी त्यांच्यामुळेच त्याची दोन ऐवजी तीन वर्षे धरली जातात. भरपाई ४५ दिवसांची, म्हणजे २२,५०० रुपये होते. तोच कामगार ५ डिसेंबर २०१६ रोजी रुजू झाला असता, तर त्यास ३० दिवसांचे १५,००० रुपये मिळाले असते. म्हणून सूचनेत ‘सुमारे अडीच वर्षे’ असे लिहिणे पुरेसे नाही. ‘सुमारे’ या एका शब्दात ७,५०० रुपयांचा प्रश्न दडलेला असतो.

ज्यादा कामाचा हिशोब असाच उलगडून लिहावा. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या अधिनियमानुसार ज्यादा कामाचा दर साध्या दराच्या दुप्पट असे. आठ तासांचे ५०० रुपये म्हणजे तासाला ६२.५० रुपये, ज्यादा तासाचे १२५ रुपये.

६.५ सुधारित नमुना

                              दिनांक : ३१ मे २०१९
प्रति,
श्री. ……………
हजेरीपट क्रमांक ४७

विषय : पुलाचे काम पूर्ण झाल्यामुळे सेवा समाप्त होत असल्याबाबत व देय रकमांबाबत.

महोदय,

…………… नदीवरील पुलाच्या बांधकामापुरती आपली रोजंदारीवर नेमणूक करण्यात आली होती. आपण दिनांक ५ नोव्हेंबर २०१६ रोजी कामावर रुजू झालात. हे काम दिनांक १ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाले व आज, दिनांक ३१ मे २०१९ रोजी, पूर्ण झाले आहे. या कारणामुळे आपली सेवा आज काम सुटण्याच्या वेळेपासून समाप्त होत आहे. आपल्या वर्तणुकीविषयी किंवा कामाविषयी कोणतीही तक्रार नाही.

आपणास एक महिना आधी सूचना देता आली नाही. म्हणून तिच्याऐवजी एक महिन्याचे वेतन देण्यात येत आहे. आपला हिशोब असा :

१. बाकी मजुरी, १६ ते ३१ मे : कामाचे १४ दिवस व भर पगारी सुट्टीचे २ दिवस, १६ × ५०० = रु. ८,०००
२. ज्यादा काम : १२ तास × १२५ = रु. १,५००
३. सूचनेऐवजी वेतन : ३० दिवस × ५०० = रु. १५,०००
४. नुकसानभरपाई : ३ वर्षे × १५ दिवस × ५०० = रु. २२,५००
एकूण : रु. ४७,०००

वजा : घेतलेल्या उचलीपैकी बाकी रु. ३,०००, भविष्य निर्वाह निधीतील आपला हिस्सा, बाकी मजुरीच्या १२ टक्के, रु. ९६०
निव्वळ देय : रु. ४३,०४० (अक्षरी रुपये त्रेचाळीस हजार चाळीस फक्त)

ही रक्कम दिनांक १ जून २०१९ रोजी आपल्या बँक खात्यात जमा करण्यात येईल. आपली सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असल्यामुळे उपदान देय नाही. भविष्य निर्वाह निधीची रक्कम आपल्या खात्यात आहे. ती काढण्याचा किंवा पुढील कामावर वळती करण्याचा अर्ज आमच्या कार्यालयात मिळेल. आपण केलेल्या कामाच्या दिवसांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. हिशोबात चूक आढळल्यास हजेरीपट पाहण्यासाठी आपण कार्यालयात यावे.

                              आपला,
                              (सही व हुद्दा)

पोच : या सूचनेची प्रत मिळाली. ती मला वाचून दाखवण्यात आली.
सही / अंगठा : ……………   दिनांक : ……………

६.६ नमुन्याचे विवेचन

नमुन्यातील क्रियापदे पाहा. ‘सेवा समाप्त होत आहे’ या वाक्याच्या आधी ‘या कारणामुळे’ हे शब्द आले आहेत आणि कारण त्याआधीच्या वाक्यात तारखेसह दिले आहे. ‘तक्रार नाही’ हे वाक्य औपचारिक वाटेल; परंतु पुढच्या ठिकाणी काम मागताना ‘काढून टाकलेला माणूस’ हा शिक्का त्यामुळे टळतो.

यादीत प्रत्येक रकमेपूर्वी गुणाकार लिहिला आहे. केवळ बेरीज दिली, तर कामगारास ती मान्य करावी किंवा नाकारावी, एवढेच उरते. गुणाकार दिला, तर दिवस चुकले की दर, हे त्यास बोट ठेवून दाखवता येते. वजावटी वेगळ्या लिहिल्या आहेत, त्याचे कारणही हेच. उपदान देय नाही, हेही स्पष्ट लिहिले आहे. एखादी रक्कम देय नसेल, तर तिच्याविषयी मौन पाळण्यापेक्षा कारण सांगणे चांगले.

रक्कम देण्याची तारीख ऐच्छिक नाही. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ नुसार सेवा संपवली गेल्यास बाकी मजुरी दुसऱ्या कामाच्या दिवसाची मुदत संपण्यापूर्वी द्यावी लागत असे. म्हणून ‘यथावकाश’ ऐवजी १ जून ही तारीख आली.

कामाच्या दिवसांच्या प्रमाणपत्राचा उल्लेख अनेक मसुद्यांत राहून जातो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करताना मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा लागतो. ठेकेदार दुसऱ्या गावी गेल्यावर तो मिळवणे कठीण असते. सूचनेबरोबर देणे सोपे असते.

शेवटी पोच. ‘मान्य’ हा शब्द तेथे मुद्दाम टाळला आहे. कामगार अंगठा देतो तो कागद हाती आल्याबद्दल. हिशोब बरोबर असल्याबद्दल नव्हे. सूचना वाचून दाखवली जाणार असल्यामुळे वाक्ये ऐकून कळतील इतकी लहान ठेवली आहेत. मसुदा पूर्ण झाल्यावर तो एकदा मोठ्याने वाचून पाहावा. जेथे श्वास अपुरा पडतो, तेथे वाक्य तोडावे.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. संसदेने २०२० मध्ये औद्योगिक संबंध संहिता संमत केली. त्यामुळे नवा मसुदा लिहिताना त्या दिवशी लागू असलेला कायदा पाहूनच आकडे भरावेत. हा नमुना मांडणी शिकण्यासाठी आहे.

६.७ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. याच पुलावरील दुसरा कामगार १० जानेवारी २०१७ रोजी, रोज ५२० रुपये मजुरीवर रुजू झाला. त्याचे दरवर्षी २४० पेक्षा अधिक दिवस भरले आहेत. त्याच्या नुकसानभरपाईची ओळ नमुन्याप्रमाणे लिहा.
२. ‘आपला हिशोब पूर्ण झाला असून काहीही येणे बाकी नाही’ हे वाक्य पोचेत का नसावे, ते पाच ओळींत लिहा.

प्रश्न १ चे उत्तर : सेवा दोन वर्षे व सहा महिन्यांपेक्षा कमी; म्हणून २ वर्षे × १५ दिवस × ५२० = रु. १५,६००.

६.८ सारांश

सेवासमाप्तीच्या सूचनेत कामाचे नाव, कामाच्या आरंभाची व पूर्ततेची तारीख आणि कामगाराच्या सेवेच्या तारखा नेमक्या असाव्यात. प्रत्येक देय रक्कम दिवस आणि दर यांच्या गुणाकारासह लिहावी, वजावटी वेगळ्या दाखवाव्यात आणि रक्कम देण्याचा दिवस सांगावा. कामगाराची सही पोच म्हणून घ्यावी. तिच्यात संमती मिसळू नये.