बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंतर मूत्र पिवळेजर्द का होते?

बी-कॉम्प्लेक्सची गोळी प्रथमच घेणारा मनुष्य दोन-तीन तासांनी लघवीस गेला म्हणजे पुष्कळदा दचकतो. मूत्राचा नेहमीचा फिकट, वाळल्या गवतासारखा रंग जाऊन त्याच्या जागी भडक पिवळा व किंचित हिरवट झाक असलेला रंग आलेला असतो. पांढऱ्या भांड्यात तर तो अक्षरशः चमकतो. घरात कोणी म्हणतो, अंगात उष्णता वाढली. कोणी म्हणतो, औषध अंगी न लागता सगळे वाहून गेले. आणि कोणी भीतभीत म्हणतो, कावीळ तर नव्हे? पहिल्या दोन समजुती चुकीच्या आहेत. तिसरी बहुधा चुकीची असते, परंतु ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

बी-कॉम्प्लेक्स हे एका पदार्थाचे नाव नव्हे. पाण्यात विरघळणाऱ्या आठ जीवनसत्त्वांच्या गटास ते दिलेले आहे. या आठांपैकी मूत्रात ठळक दिसावा असा रंग आणि त्यासाठी पुरेसे प्रमाण, या दोन्ही गोष्टी एकाच जीवनसत्त्वाकडे असतात. ते म्हणजे बी-२, अर्थात रायबोफ्लेविन. म्हणून ज्या गोळीत केवळ बी-१, बी-६ व बी-१२ असतात, ती घेतल्याने मूत्र असे रंगत नाही. वेष्टनावर रायबोफ्लेविनचे नाव आहे की नाही हे पाहणे ही पहिली व सर्वांत सोपी परीक्षा होय.

हा रंग घरोघरी पूर्वीपासून परिचित आहे. दूध नासवून छेना वा पनीर करताना जी निवळी उरते, तिची हिरवट पिवळी छटा याच पदार्थाची असते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ ब्लाइथ याने १८७९ साली निवळीतील या रंगद्रव्याची नोंद केली, परंतु ते जीवनसत्त्व आहे हे कळण्यास अर्धशतक जावे लागले. १९३३ साली जर्मनीत रिखार्ड कून व त्याचे सहकारी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यांना एक ग्रॅम पदार्थासाठी पाच हजारांहून अधिक लिटर मलईविरहित दूध लागले होते. रायबोफ्लेविन प्रकाशातील निळा भाग शोषून घेते, म्हणून उरलेला प्रकाश डोळ्यांस पिवळा दिसतो. शिवाय शोषलेल्या प्रकाशाचा काही अंश ते हिरवट पिवळ्या प्रकाशाच्या रूपाने परत बाहेर टाकते. मूत्रातील ती चमक यामुळेच येते. नोटा पारखण्याच्या जंबुपार दिव्याखाली असे मूत्र धरल्यास ते हिरवट पिवळे उजळते.

आता हा पदार्थ शरीराबाहेर इतक्या लवकर का पडतो ते पाहू. प्रौढ माणसाची रायबोफ्लेविनची दैनिक गरज एक ते दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते. गोळीत ते बहुधा १० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असते. लहान आतड्याच्या वरच्या भागातील पेशी हा पदार्थ वाहक प्रथिनांच्या साहाय्याने आत घेतात. नदीवरील नावाड्याप्रमाणे या वाहकांची एका खेपेची क्षमता ठरलेली असते, त्यामुळे मोठी मात्रा सर्वच्या सर्व शोषली जात नाही. जे शोषले जाते त्यातील गरजेपुरते पेशी आपल्या विकरांच्या कामासाठी बांधून ठेवतात. मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे यकृतात साठून राहतात, तसा मोठा साठा याचा होत नाही. उरलेले रक्तातून मूत्रपिंडांत येते व तेथून बाहेर टाकले जाते.

एक हिशेब मांडून पाहू; आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. एखाद्याने सकाळी नऊ वाजता जेवणाबरोबर १० मिलिग्रॅमची गोळी घेतली. त्यातील ६ मिलिग्रॅम शोषले गेले, २ पेशींनी ठेवून घेतले आणि ४ मिलिग्रॅम पुढील पाच-सहा तासांत मूत्रावाटे निघाले. तेवढ्या वेळात त्याला पाव लिटर मूत्र झाले असेल, तर लिटरमागे १६ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन झाले, आणि इतके प्रमाण डोळ्यांस गर्द पिवळे दिसण्यास पुरेसे आहे. त्याने भरपूर पाणी पिऊन एक लिटर मूत्र केले असते, तर तेच ४ मिलिग्रॅम चौपट पातळ होऊन रंग फिका दिसला असता. संध्याकाळपर्यंत रंग ओसरतो व दुसऱ्या दिवशी सकाळी, नवी गोळी घेण्यापूर्वी, मूत्र जवळजवळ नेहमीसारखे असते.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. उपाशीपोटी घेतलेली गोळी आतड्याच्या त्या भागातून झटकन पुढे सरकते आणि तिचे शोषण कमी होते. अन्नाबरोबर घेतल्यास ती हळूहळू उतरते व अधिक शोषली जाते. म्हणजे पिवळा रंग हा औषध वाया गेल्याचा पुरावा नसून, निदान रायबोफ्लेविन तरी आतड्यातून रक्तात पोचल्याचा पुरावा आहे. इतर सात जीवनसत्त्वांविषयी तो काहीच सांगत नाही. बी-१ जास्त झाले तर तेही मूत्रातून जाते, परंतु ते रंगहीन असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. या रंगाने मूत्रपिंडांस इजा होत नाही आणि उष्णतेशीही त्याचा संबंध नाही.

एवढ्यावर विषय संपला असता. परंतु बी-कॉम्प्लेक्सची गोळी माणूस केव्हा घेतो हे पाहिले म्हणजे अडचण कळते. थकवा आला, अन्नावरची वासना उडाली, मळमळू लागले की आपल्या देशात पुष्कळजण औषधांच्या दुकानातून ‘ताकदीची गोळी’ म्हणून हीच आणतात. यकृतदाहाची, म्हणजे कावीळ उत्पन्न करणाऱ्या रोगाची, सुरुवातही नेमकी याच लक्षणांनी होते. या रोगात डोळे पिवळे होण्याच्या काही दिवस आधीच मूत्र गडद होऊ लागते. यकृताने पाण्यात विरघळेल असे बनवलेले बिलिरुबिन हे पित्तरंजक पित्तावाटे आतड्यात न जाता रक्तात परत येते व मूत्रात उतरते. अशा वेळी घरात गोळी चालू असली, की ‘गोळीचाच रंग’ या वाक्याखाली रोगाची पहिली खूण झाकली जाते.

दिल्लीत १९५५ च्या अखेरीस यमुनेचे पात्र सरकून सांडपाणी वजीराबाद येथील पाणी घेण्याच्या ठिकाणी मिसळले. त्यानंतर उद्भवलेल्या साथीत सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. पुढे जतन केलेल्या रक्तनमुन्यांवरून ती आज कावीळ-ई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारची ठरली. हा रोग बहुतेकांत आपोआप बरा होतो. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो अतिशय घातक ठरतो. काही साथींत अशा शंभर रुग्ण स्त्रियांपैकी मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या वीसच्या घरात गेलेली आहे.

म्हणून उदाहरण अशाच एका स्त्रीचे घेऊ. सातव्या महिन्यात असलेल्या सुनेस चार दिवसांपासून मळमळ व बारीक ताप आहे. नवऱ्याने दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या आणि ती रोज रात्री आठ वाजता जेवणानंतर एक घेते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती सासूस सांगते, “आई, लघवी फारच गडद होते आहे.” सासू म्हणते, “अगं, त्या गोळीचा रंग आहे तो. शेजारच्या वहिनींनाही असंच झालं होतं.” शेजारणीच्या बाबतीत ते खरेही असेल. येथे मात्र तीन गोष्टी जुळत नाहीत. पहिली गोष्ट वेळेची: गोळी घेऊन सोळा तास होऊन गेले आहेत. दहा मिलिग्रॅमच्या गोळीचा रंग रात्री दहाच्या सुमारास गडद असावा व दुपारपर्यंत उतरलेला असावा. तिचा रंग दिवसभर तसाच आहे. दुसरी गोष्ट छटेची: रायबोफ्लेविनचा पिवळा रंग उजळ व हिरवट असतो, तर हा कोऱ्या चहासारखा किंवा मोहरीच्या तेलासारखा तपकिरीकडे झुकतो. तिसरी गोष्ट फेसाची: मूत्र स्वच्छ बाटलीत घालून हलवले असता बिलिरुबिन असल्यास फेसही पिवळा दिसतो, एरवी तो सहसा पांढराच राहतो. यांबरोबर अंगास खाज, मातीसारखा फिका मल किंवा डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पिवळेपणा असेल, तर शंकेस फारशी जागा उरत नाही.

या खुणा ढोबळ आहेत. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलेल्या निरोगी माणसाचे मूत्रही गडद होते आणि सौम्य काविळीत फेसाची परीक्षा फसू शकते. इतर कसलीही तक्रार नसलेल्या प्रौढाने शंका आल्यास बी-कॉम्प्लेक्स दोन दिवस बंद करून पाहावे. या अवधीत गोळीचा रंग नाहीसा व्हायलाच हवा. तो टिकला तर कारण दुसरे आहे. परंतु वरील सुनेने दोन दिवस वाट पाहणे मुळीच योग्य नव्हे. गर्भवती, ताप व मळमळ असलेला, अथवा ज्याला पूर्वी यकृताचा विकार झाला आहे अशा कोणीही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातील बिलिरुबिन व यकृताची विकरे तपासून घ्यावीत. मूत्र तपासण्यास देताना गोळी चालू असल्याचे तेथे अवश्य सांगावे, कारण रंग पाहून वाचावयाच्या चाचणीपट्टीवर भडक पिवळ्या मूत्राची छटा वाचणाऱ्यास चकवू शकते.

क्षयरोगाच्या रुग्णांत गुंतागुंत आणखी वाढते. रिफॅम्पिसिनने मूत्र नारिंगी-तांबूस होते आणि हे अपेक्षितच असते. याच उपचारातील रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड व पायराझिनामाइड ही औषधे मात्र काहींच्या यकृतास बाधतात. मूत्र आधीच रंगलेले असल्याने तेथे रंगावर विसंबता येत नाही. ओकारी, अन्नाचा तिटकारा व डोळ्यांचा पिवळेपणा यांवरच लक्ष ठेवावे लागते. आयसोनियाझिडबरोबर दिलेले बी-६ मज्जातंतूंच्या रक्षणासाठी असते, तेव्हा रंगाची परीक्षा म्हणून रुग्णाने ते स्वतःहून थांबवू नये.

राहिला तांबडा रंग. तो बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने येत नाही. बी-१२ स्वतः तांबडे असले, तरी गोळीत ते मायक्रोग्रॅमांत, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतके थोडे असते. बीट खाल्लेले नसताना व रिफॅम्पिसिनसारखे औषध चालू नसताना मूत्र तांबडे झाले, तर त्यात रक्त आहे असे धरूनच तपासणी करून घ्यावी.