नमुने पाठवण्याआधी

बाळ, सोमवारपासून दुकानाचा मोबाइल तुझ्या हाती देतोय. मशीन, कटिंग, प्रूफ हे सगळं तू बघून बघून शिकलीस. राहिलं ते गिऱ्हाइकाच्या मेसेजला उत्तर देणं. आपल्याकडे येणारे निम्मे मेसेज एका ओळीचे असतात. ‘पत्रिका करायची आहे’, एवढंच. तारीख नाही, किती पाहिजेत ते नाही, कशी पाहिजे तेही नाही.

अशा वेळी ‘कशी हवी?’ असं विचारून भागत नाही. समोरचा लिहितो, ‘चांगली करा.’ त्याची तरी काय चूक? घरात पंधरा-वीस वर्षांनी कार्य निघालेलं असतं. बाजारात काय मिळतं हे त्याला माहीत नसतं, म्हणून हवं ते सांगताही येत नाही. पण चार गोष्टी समोर ठेवल्या की ‘ही नको’ असं तो लगेच म्हणतो. ते ‘नको’ काढून घेण्यासाठी नमुने पाठवायचे.

नमुने तीनच पाठव. पूर्वी मी अल्बममधले दहा-बारा फोटो टाकायचो. ते घरच्या ग्रुपवर जायचे, मावश्या-आत्या आपापली पसंती कळवायच्या आणि आठवडा निघून जायचा. आणि तीन लाल पत्रिका पाठवल्यास तर ते तीन नमुने नव्हेत, एकच नमुना तीनदा पाठवलास असं समज. एक साधं एकपानी कार्ड, एक दुमडीचं लिफाफ्यासकट, एक सोनेरी फॉइलचं, असे निवड. प्रत्येकाखाली नंबर, दोनशे प्रतींचा छपाईसकट दर आणि लागणारे दिवस लिही. दर नसेल तर माणूस सगळ्यांत भारी पत्रिकेवर बोट ठेवतो आणि आकडा ऐकून ओशाळतो. ओशाळलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, परत विचारायला येत नाही.

मागच्या तुळशीच्या लग्नानंतरचं सांगतो. एका बाईंचा मेसेज आला, ‘मुलीचं लग्न आहे, पत्रिका दाखवा.’ मी असेच तीन पाठवले. उत्तर आलं, ‘दोन नंबर बरी वाटते, तीन नंबरसारखी झगमग नको. मुलाकडची मंडळी हैदराबादची आहेत.’ त्या एका वाक्यात मला सगळं मिळालं. फॉइल बाद झालं, दर मधला ठरला आणि मजकूर मराठीबरोबर इंग्रजीतही लागणार हे कळलं. नुसतं विचारत बसलो असतो तर हैदराबादचा विषय प्रूफ झाल्यावर निघाला असता.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

काही वर्षांपूर्वी रात्री नऊच्या सुमारास मेसेज आला, ‘कार्ड छापायचं आहे, लवकर पाहिजे, नमुने पाठवा.’ लग्नसराई होती. मी मोराचं, केळीच्या खांबांचं आणि एक लाल-सोनेरी अशी तीन कार्डं लगेच पाठवली. वर लिहिलं, ‘शुभकार्यासाठी खास.’ तासाभराने उत्तर आलं, ‘वडील गेले. दशक्रियेचं कार्ड हवं होतं.’

मी मेसेज केला नाही, फोन केला. माफी मागितली, मजकूर फोनवरच लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत छापलेली कार्डं त्यांच्या घरी स्वतः नेऊन दिली. त्या मुलाने शांतपणे घेतली. पण वडील जाऊन चार दिवस झालेले असताना त्याच्या मोबाइलवर मी मोर पाठवला होता, ते काही पुसता आलं नाही.

नंतर तो मेसेज मी पुन्हा वाचला. खूण त्यातच होती. लग्नवाला ‘पत्रिका’, ‘लग्न’, ‘मुलाचं’, ‘मुलीचं’ असं काहीतरी लिहितोच, आनंद त्याला लपवता येत नाही. दुःखातला माणूस कार्याचं नाव टाळतो. ‘कार्ड’ म्हणतो आणि ‘लवकर’ म्हणतो, कारण दहावा दिवस थांबत नाही. तेव्हा मेसेजमध्ये कार्याचं नाव नसेल तर एकही चित्र पाठवायचं नाही. आधी लिहायचं, ‘नमस्कार. कोणत्या कार्यासाठी आणि कधीपर्यंत हवं आहे?’ ‘कार्य’ हा शब्द लग्नालाही चालतो आणि उत्तरकार्यालाही, म्हणून तोच वापर. ‘शुभकार्य’ म्हणू नकोस. ‘लवकर’ असं लिहिलेलं असेल तर सरळ फोनच लाव.

दुसरी चूक मला फार उशिरा कळली. लग्नाच्या पत्रिकेचे तीन नमुने पाठवले, रंग वेगळे, घडी वेगळी, दर वेगळे. समोरून ‘बघतो’ आलं आणि पुढे काहीच नाही. दोन महिन्यांनी त्याच घरची पत्रिका दुसऱ्या प्रेसमधून छापून माझ्याकडे निमंत्रण म्हणून आली. वर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ‘मंगल परिणय’. माझ्या तिन्ही नमुन्यांवर गणपती होता. रंग बदलले की पर्याय झाले असं मी धरून चाललो होतो, आणि त्या घराला त्यात त्यांची एकही पत्रिका दिसली नाही. तरीही त्यांनी मला लग्नाला बोलावलं, हा त्यांचा मोठेपणा.

यावर उपाय म्हणून आडनावावरून ओळखायचा प्रयत्न मात्र करू नकोस. त्यात चूकही होते आणि माणूस दुखावतोही. एकाच आडनावाची घरं वेगवेगळ्या पद्धतीने लग्न लावतात. कुणी सत्यशोधक पद्धतीने, कुणी नोंदणी करून. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला, अगदी आपल्या ओळखीच्या जोशीकाकूंनाही, एकच प्रश्न विचार, ‘पत्रिकेच्या माथ्यावर काय घ्यायचं?’ उत्तर आल्यावर नमुने काढ. उत्तर नसेल तर माथा कोरा असलेले तीन पाठव आणि ‘वरची जागा तुम्ही सांगाल तशी’ असं लिही.

आणखी एक. तयार कार्डांचे नमुने पाठवताना घाऊक व्यापाऱ्याकडे तो माल आज शिल्लक आहे का, ते आधी विचारून घे. लोक ‘पहिलीचा रंग आणि तिसरीची घडी’ असंही मागतात. तयार कार्डात ते होत नाही. आपण फक्त मजकूर छापतो. हे नमुन्याबरोबरच लिहून टाक, पसंती आल्यावर सांगितलंस तर फसवल्यासारखं वाटतं. छापलेल्या जुन्या पत्रिकेचा फोटो नमुना म्हणून कधीच पाठवू नकोस. त्यावर दुसऱ्या घरची नावं, पत्ता आणि फोन नंबर असतो. दुकानाच्या मोबाइलमध्ये ‘चि. अमुक, चि. सौ. कां. तमुक’ असा मजकूर घातलेले नमुने करून ठेवलेत, तेच वापर.

पांढऱ्या कार्डांचा गठ्ठा काउंटरच्या खालच्या खणात डाव्या हाताला ठेवलाय. लग्नसराईतही तो शंभराच्या खाली जाऊ देऊ नकोस. काळी शाई त्याच खणात आहे.