तीन गणपती, एक मुक्काम

चि. मुक्ता,

तुझ्या सहलीच्या पत्रकाचा मसुदा वाचला. ‘दोन दिवसांत अष्टविनायक, ज्येष्ठांसाठी खास, आरामदायी’ हे काही जमायचं नाही. पाली आणि महड रायगडात, सिद्धटेक भीमेच्या काठी अहिल्यानगर जिल्ह्यात, बाकीचे पाच पुणे जिल्ह्यात विखुरलेले. दोन दिवसांत आठ करायचे म्हणजे पहाटे पाचला निघायचं आणि रात्री अकराला जेवायचं. तिशीतली माणसं ते करतात. पंचाहत्तरीच्या माणसाचे पाय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुजतात.

म्हणून तीनच घे: थेऊर, रांजणगाव, ओझर. मुक्काम ओझरला. आणि वरच्याच ओळीत लिहून टाक की ही अष्टविनायक यात्रा नव्हे. परंपरेने मोरगावपासून सुरुवात आणि मोरगावलाच सांगता असा क्रम पाळणारे लोक फोन करतील, त्यांना आधीच कळलेलं बरं.

मग शनिवारचा दिवस असा मांड: साडेसातला पुण्यातून निघायचं, साडेआठला थेऊर, तिथे दीड तास. साडेअकराच्या सुमारास रांजणगाव, दर्शन, पाऊण वाजता जेवण, अडीचपर्यंत पाठ टेकायला खोल्या. पाचच्या आत ओझर. चहा, खोलीत विश्रांती, मग दर्शन आणि आरती. जेवण साडेसातला, नंतर कार्यक्रम काहीच नाही. भजनसंध्या वगैरे ठेवायचा मोह आवर. जेवणाच्या वेळा पत्रकात घड्याळाप्रमाणे छाप आणि पाळ. इन्सुलिन घेणारा माणूस त्या वेळा बघूनच येणार की नाही ते ठरवतो.

लेण्याद्रीचा प्रश्न मात्र नीट हाताळ. ओझरपासून ते अर्ध्या तासावर, त्यामुळे सगळे विचारणारच. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, देव वर लेण्यात. खालून दर्शन होत नाही. पत्रकात ‘ऐच्छिक’ एवढंच लिहिलंस तर सगळे चढायला उभे राहतील, कारण शेजारचा चढतोय आणि आपण बसायचं कसं? असं लिही: “रविवारी सकाळी साडेसहाला इच्छुकांना घेऊन बस लेण्याद्रीला जाईल. सुमारे तीनशे दगडी पायऱ्या. डोली मिळते, तिचे पैसे वेगळे. गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ओझरलाच थांबावे. त्यांच्यासाठी तिथे चहा-नाश्ता आणि सकाळचे निवांत दर्शन आहे.” थांबणाऱ्यालाही काही मिळतंय असं दिसलं की तो संकोच न करता थांबतो. वर जाणाऱ्यांना हातात पिशवी, प्रसाद काही घेऊ नका म्हणून सांग, माकडं हिसकावतात.

आता ज्याबद्दल फोनवर कुणी विचारत नाही, ती गोष्ट. स्वच्छतागृह. रक्तदाबावर लघवीची गोळी घेणारे कितीतरी जण प्रवासाच्या दिवशी गोळीच टाळतात, पाणीही पीत नाहीत, आणि दुपारी देवळाच्या रांगेत चक्कर येऊन खाली बसतात. बस दर दीड तासाला थांबेल आणि कुठे थांबेल, हे लिही. त्या जागा आधी स्वतः जाऊन बघ. कमोड आहे का, दाराशी पायरी आहे का, आत धरायला काही आहे का? खोल्या तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीतच, हेही लिही. भक्तनिवासाला ‘कमोडच्या खोल्या’ असं नेमकं सांगूनच आरक्षण कर.

बसची पहिली पायरी बहुतेक वेळा गुडघ्याएवढी उंच असते. एक मजबूत लाकडी पाट बरोबर ठेव आणि तो मांडायला एक माणूस नेम. पुढच्या सीटवरून भांडणं होतातच. दुसऱ्या दिवशी जागा बदलतील असं छापून मोकळी हो. ‘डॉक्टर सोबत’ हे मसुद्यात लिहिलंयस ते खरं आहे का? नसेल तर काढ, आणि प्रथमोपचार पेटी व वाटेतल्या दवाखान्यांचे नंबर आहेत एवढंच लिही. ‘रांगेशिवाय दर्शन’ हेही काढ. ज्येष्ठांसाठी वेगळी सोय आहे का, ते प्रत्येक देवस्थानाला फोन करून विचार, आणि जे सांगतील तेच छाप. देवळाच्या फरशीवर उन्हात पाय भाजतात, तेव्हा जुने सुती मोजे आणायची सूचना सामानाच्या यादीत वरच घाल.

रविवारी परतायला जेवून दोनलाच निघा. संध्याकाळी चाकणच्या गर्दीत अडकलात तर दोन दिवसांची सगळी निवांती तिथेच संपते.

या सोयींमुळे दर वाढेल, कारण दुपारच्या खोल्यांचे पैसे पडतात. ते लपवू नकोस. कशाचे पैसे आहेत ते लिही. पैसे बहुधा मुलगा किंवा सून भरते, आणि त्यांना हेच वाचायचं असतं.

तारखा छापण्याआधी पंचांग बघ. शनिवार-रविवारी संकष्टी किंवा विनायकी येत असेल तर तो आठवडा सोड. दुसरा मसुदा झाला की छापायला देण्यापूर्वी मला पाठव.

तुझा,
काका