पिन गेटवर टाक, मांडवात नको

अगं, पत्रिकेचा मजकूर वाचला. छान झालाय. फक्त खाली 'लोकेशनसाठी इथे दाबा' म्हणून जी लिंक टाकली आहेस ना, ती छापायला जायच्या आधी काढ. का ते सांगते.

ती लिंक तू लॉन्सचं नाव शोधून, शेअर दाबून घेतलीस. त्या नावाची पिन बहुतेक जागेच्या मधोमध असते, म्हणजे तुमच्या बाबतीत थेट मांडवात. मॅपला गेट कुठे आहे ते ठाऊक नसतं. ते पिनच्या सगळ्यांत जवळचा रस्ता शोधतं आणि गाडी तिथे नेऊन सोडतं. आता तुमची जागा डोळ्यांसमोर आण. पुढे पुणे-नाशिक हायवे, मागे शेताकडे जाणारी अरुंद वाट आणि मधे लांबलचक हिरवळ. मांडव मागच्या अंगाला. मग जवळचा रस्ता कुठला? मागची वाट. मामांची गाडी तिथे जाऊन उभी राहील, फोन म्हणेल 'पोहोचलात', तारेच्या कुंपणापलीकडून सनई ऐकू येईल आणि गाडी वळवायला जागा नसेल. त्यात मुहूर्त दुपारचा, मामी नऊवारीत. पुढचं मी सांगायला नको.

म्हणून पिन गेटवर टाकायची. त्यातही गेटच्या आतल्या बाजूला नाही, तर गेटसमोर रस्त्याच्या कडेला, गाडी जिथून आत वळते तिथे. हायवेला डिव्हायडर आहे, तेव्हा पिन आपल्या बाजूच्या सर्व्हिस रोडवर आहे ना, हेही बघ. पलीकडच्या कडेवर पडली, तर माणसं गेट समोर दिसत असूनही पुढचा यू-टर्न शोधत जातील.

हे काम कॉम्प्युटरवर कर, सोपं जातं. गूगल मॅप्स उघड, सॅटेलाइटचं चित्र लाव आणि गेटची कमान दिसेपर्यंत जवळ जा. बरोबर त्या जागी माउसचं उजवं बटण दाबलंस की यादीत सगळ्यांत वर दोन आकडे येतात. त्यांच्यावर क्लिक केलं की कॉपी होतात. फोनवर करायचं असेल तर त्या जागी बोट दाबून धर, लाल पिन पडते आणि तेच आकडे तिच्या माहितीत मिळतात.

समज, आकडे आले 18.76031, 73.86314. (हे नुसते उदाहरणाचे, चाकणच्या बाजूचे. तुझे तू घे.) आता लिंक अशी बनव:

```
https://www.google.com/maps/dir/?api=1&destination=18.76031,73.86314
```

यात नाव कुठेच नाही, नुसती जागा आहे. म्हणून त्याच नावाचं दुसरं लॉन्स तालुक्यात असलं तरी घोळ होत नाही. आणि आपल्याकडे लक्ष्मी, गणेश, साई ही नावं किती कार्यालयांना आहेत ते तूच मोज. मधल्या 'dir' मुळे पाहुण्याच्या फोनवर थेट रस्ताच उघडतो. सुरुवात कुठून ते आपण लिहिलेलं नाही, त्यामुळे शक्य असेल तिथे फोन त्याची स्वतःची जागा धरतो. ज्यांच्याकडे मॅपचं अ‍ॅप नाही त्यांना तीच लिंक ब्राउझरमध्ये दिसते, म्हणून अमेरिकेहून येणाऱ्या दादाच्या आयफोनचीही काळजी नको.

बारीकसारीक गोष्टी आहेत, पण त्याच नडतात. कॉपी केलेल्या आकड्यांत स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा येते. ती काढून टाक. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकचा निळा रंग तिथेच तुटतो आणि दुसरा आकडा नुसता मजकूर बनून लटकत राहतो. आकडे इंग्रजीच ठेव. तू मराठी कीबोर्डवर टाइप करतेस, तेव्हा देवनागरी आकडे पडायला वेळ लागत नाही. लिंक वेगळ्या ओळीवर लिही, पुढे 'येथे या' वगैरे चिकटवू नकोस. दशांशाच्या पुढे पाच आकडे पुरेत, म्हणजे साधारण एक मीटरपर्यंत अचूक. तीनच ठेवलेस तर शंभर मीटरचा फरक पडू शकतो, आणि तेवढ्यात आपलं गेट सोडून शेजारचा ढाबा येतो.

आणि आकड्यांची अदलाबदल करू नकोस. महाराष्ट्रात पहिला आकडा पंधरा ते बावीसच्या आसपास असतो, दुसरा बहात्तर ते एक्याऐंशीच्या. उलटे लिहिलेस तर वऱ्हाड नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात उतरेल.

काकू म्हणाल्या असतील, 'एवढं कशाला, तिथे जाऊन व्हॉट्सअ‍ॅपवरून लोकेशन पाठवू.' लाइव्ह लोकेशन तर मुळीच नको. ते तू निवडशील तसं पंधरा मिनिटं, एक तास किंवा जास्तीत जास्त आठ तास चालतं आणि मग बंद. शिवाय ते लॉन्सचं नसतं, पाठवणाऱ्याच्या फोनचं असतं. भाऊजी फुलं आणायला मंडईत गेले की निम्मे पाहुणे मंडईत. 'सध्याचं लोकेशन' चालेल, पण ते पाठवणारा गेटवर उभा असला तरच. हॉलच्या आत बसून पाठवलेली पिन छपराखाली चुकू शकते.

लिंक झाली की आईच्या फोनवर पाठव, तुझ्या नाही. उघडल्यावर निळी रेघ कुठे संपते ते बघ. रेघ हायवेवर गेटसमोर संपली तर झालं. रेघ एकीकडे संपून तिथून पिनपर्यंत ठिपक्यांची वाट दिसली, तर समज की गाडी तिथे पोहोचत नाही, उरलेलं अंतर चालायचं आहे. पिन थोडी सरकव, नवे आकडे घे, पुन्हा बघ. मग सुरुवात एकदा पुण्याची आणि एकदा नाशिकची घालून तपास. एका बाजूने बरोबर येणारा रस्ता दुसऱ्या बाजूने उलटा पडतो, आणि तुझं निम्मं सासर नाशिककडून येणार आहे.

छापील पत्रिकेवर याच लिंकचा क्यूआर कोड घाल. तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि सोनेरी वेलबुट्टीवर तर नकोच, पांढऱ्यावर काळा ठेव. कोड बनवून देणाऱ्या काही साइट्स मधेच स्वतःची लिंक घालतात आणि मुदत संपली की ती बंद पडते. प्रूफ आलं की स्कॅन कर, आणि वर दिसणारा पत्ता google.com/maps ने सुरू होतो ना ते बघ. कोडखाली शब्दांतही लिही: 'हायवेला लागून, पेट्रोल पंपानंतर डाव्या हाताला पांढरी कमान'. आबांचा फोन साधा आहे, त्यांना तेवढं पुरतं. मात्र ती पुण्याहून येणाऱ्यांसाठी डावीकडे, नाशिककडून येणाऱ्यांना नाही, हेही त्यातच लिही.

आदल्या दिवशीच्या सीमांतपूजनाची जागा वेगळी आहे ना? तिची लिंक वेगळ्या मेसेजमध्ये, तारीख घालून पाठव. एकाच मेसेजमध्ये दोन लिंका दिल्यास तर आत्या हमखास वरचीच दाबेल. आणि लॉन्सच्या मॅनेजरना त्यांच्या नावाची पिन सुधारून घ्यायला सांग, पण ती लग्नाआधी बदलेलच असं धरून चालू नकोस. प्रूफ कधी येणार आहे? आलं की मलाही फोटो टाक, मी इथून स्कॅन करून बघते.