बाळ मुलगा की मुलगी? घाई कशाची करावी, कशाची करू नये

बाळंतपणाच्या खोलीबाहेर ताटकळत बसलेल्या आजीचा प्रश्न ठरलेला असतो, ‘काय झालं?’ क्वचित एखादे वेळी सिस्टरना त्याचे उत्तर लगेच देता येत नाही. बाळ चांगले रडते, अंगावर पिते, पण जननेंद्रिय पाहून मुलगा म्हणावे की मुलगी, हे ठरत नाही. मग कुजबुज सुरू होते. आईने ग्रहण पाळले नाही, असे कोणी म्हणते. ‘ते लोक मूल मागायला येतील’ अशी भीती कोणी घालते. घरचे लोक बाळाला दुपट्यात गुंडाळून कोणाला न दाखवता घरी नेतात. हा शेवटचा प्रकार बाळाच्या जिवावर बेतू शकतो. कसा, ते आज पाहू.

गर्भाच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत मुलगा आणि मुलगी यांची बाह्य जननेंद्रिये सारखीच असतात. पुढे गुणसूत्रे, ग्रंथी आणि ग्रंथींतून पाझरणारी संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, यांच्या प्रभावाने एकाच मूळ उंचवट्यापासून मुलात शिश्न तयार होते व मुलीत शिश्निका. (शिश्निका म्हणजे लघवीच्या छिद्राच्या वर असलेला लहानसा, अतिशय संवेदनशील अवयव.) या साखळीतील एखादा दुवा वेगळा पडला, तर शरीराची घडण नेहमीच्या पुरुषासारखी किंवा स्त्रीसारखी होत नाही. अशा जन्मजात वेगळेपणाला वैद्यकात ‘इंटरसेक्स’ म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. काही जन्मतःच दिसतात, काही मुलीला पाळी आली नाही म्हणून तपासणी केल्यावर कळतात.

तृतीयपंथी किंवा ट्रान्सजेंडर असणे ही गोष्ट निराळी. तेथे शरीर बहुधा जन्मतः स्पष्टपणे पुरुषाचे किंवा स्त्रीचे असते, पण त्या व्यक्तीला आतून जाणवणारी स्वतःची ओळख त्या शरीराशी जुळत नाही. इंटरसेक्स हा शरीराच्या घडणीचा विषय, ट्रान्सजेंडर हा स्वतःच्या ओळखीचा. एखादी व्यक्ती दोन्ही असू शकते, पण एकावरून दुसरे ठरत नाही. आपल्याकडे घोटाळा वाढण्याचे एक कारण कायद्यातही आहे. 2019 च्या केंद्रीय कायद्याने ‘ट्रान्सजेंडर व्यक्ती’च्या व्याख्येतच इंटरसेक्स व्यक्तींनाही बसवले. कागदावर दोघे एकत्र आले, तरी दवाखान्यात त्यांचे प्रश्न वेगळेच राहतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाळाचे जन्मवजन तीन किलो आहे. शिश्नासारखा अवयव दिसतो, पण त्याखालच्या पिशवीत वृषण हाताला लागत नाहीत. घरच्यांनी मुलगा समजून घरी नेले. दहाव्या दिवसापासून बाळ दूध ओढेनासे झाले, उलट्या करू लागले. बाराव्या दिवशी वजन दोन किलो सहाशे ग्रॅम आणि अंग थंड. पाहणाऱ्याला हे जंतुसंसर्गाचे किंवा पोट बिघडल्याचे लक्षण वाटते. पण रक्त तपासले तर सोडियम फार उतरलेले व पोटॅशियम फार चढलेले निघते.

या बाळाला बहुधा ‘कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया’ आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतः कमी असते. त्यामुळे शरीराला ताण सोसण्याचे बळ देणारे कॉर्टिसॉल तयार होत नाही. बहुतेक बाळांत शरीरातील मीठ धरून ठेवणारे संप्रेरकही अपुरे पडते व मीठ लघवीवाटे वाहून जाते. उलट पुरुषी संप्रेरके जास्त बनतात. त्यांच्यामुळे मुलीची शिश्निका गर्भातच मोठी होते. सोनोग्राफीत मात्र गर्भाशय दिसते, बीजांडकोश आपल्या जागी असतात आणि गुणसूत्रे एक्स-एक्स निघतात. या आजाराच्या मुलग्यात बाहेरून बहुधा काहीच वेगळे दिसत नाही, म्हणून तो अधिक सहज नजरेतून सुटतो. दोष आईबापांच्या दोघांच्याही जनुकांतून येतो. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

येथे खरी घाई करायची. वृषण हाताला न लागणारे किंवा जननेंद्रिय संदिग्ध असलेले बाळ तपासणीशिवाय घरी नेऊ नये. दोन दिवसांचे झाल्यावर ‘सतरा हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन’ ही रक्ताची तपासणी करावी आणि सोडियम-पोटॅशियमवर पहिले दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावे. मीठ वाहून जाणाऱ्या बाळाला दिवसातून तीन वेळा हायड्रोकॉर्टिसोन, एकदा फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि तान्हेपणी दिवसाला एक-दोन ग्रॅम मीठ विभागून देतात. मात्रा वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवायची. या दोन गोळ्या आयुष्यभर लागतात. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागते आणि उलटीमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन. यात बाळाला विचारत बसण्याचा प्रश्नच नाही, आईबापांची संमती पुरेशी आहे.

पण याच मुक्कामात आणखी एक सल्ला मिळतो, ‘आताच लहानसे ऑपरेशन करून टाकू, म्हणजे दिसायला व्यवस्थित होईल.’ येथे मात्र थांबावे. मोठी शिश्निका दुखत नाही आणि सहसा लघवीच्या आड येत नाही. कापल्याने तेथील संवेदना कमी होऊ शकते, आणि ती परत आणता येत नाही. तान्हेपणी केलेला योनिमार्ग पुढे आकसतो व वयात आल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. त्याची गरज पाळी सुरू होईपर्यंत नसते. शिवाय या मुली बहुतेक स्वतःला मुलगीच मानून वाढतात, पण सगळ्याच नाही. दाखल्यावरील नोंद बदलता येते, कापलेला अवयव जोडता येत नाही. लवकर शस्त्रक्रिया केली तर जखम चांगली भरते आणि मुलाला आठवण राहत नाही, असे मानणारे शल्यचिकित्सक आजही आहेत. आठवण राहत नाही हे खरे असेल, पण संवेदना गेल्याचे मोठेपणी कळतेच. माझ्या मते हा निर्णय त्या व्यक्तीसाठी राखून ठेवावा. लघवी अडत असेल किंवा वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांना एकच विचारावे, ‘हे पंधरा वर्षे थांबवले तर बाळाला नेमका कोणता अपाय होईल?’

मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल 2019 मध्ये हेच म्हटले. आईबापांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडू सरकारने जिवाला धोका असल्याखेरीज अर्भके व बालकांवरील अशा शस्त्रक्रियांना बंदी घालणारा आदेश काढला. तो त्या राज्यापुरता आहे. जगात माल्टा या छोट्या देशाने 2015 मध्येच असा कायदा केला होता.

‘मग तोवर मुलीला काय सांगायचे?’ असे आया विचारतात. चार-पाच वर्षांची असताना, ‘तुझ्या शरीरात एक औषध बनत नाही, म्हणून गोळी घ्यायची’ एवढे पुरते. शाळेत जाऊ लागली की बाईंना ताप-उलटीचा नियम कागदावर लिहून द्यावा. आठ-दहाव्या वर्षी शरीराच्या वेगळेपणाबद्दल साध्या शब्दांत सांगावे, पाळीच्या वयाआधी सगळे. तपासणीच्या वेळी खोलीत शिकाऊ डॉक्टरांचा घोळका असेल आणि मुलगी चड्डी काढायला नको म्हणत असेल, तर आईने डॉक्टरांना सरळ सांगावे की आज नको. गोळ्यांची मात्रा उंची, वजन आणि रक्ताच्या तपासणीवरून ठरवता येते.