अवघड विषय कोणत्या वेळी हाती घ्यावा?

वेळापत्रक करताना आपण बहुधा विषयांना तास वाटून देतो. परंतु सकाळी आठचा तास आणि दुपारी तीनचा तास घड्याळात सारखे असले, तरी मेंदूला सारखे नसतात. दिवसभरात शरीराची तरतरी चढते व उतरते. दुपारी एक ते तीनच्या सुमारास बहुतेकांना सुस्ती येते; ती केवळ जेवणामुळे येते असे नव्हे. कोणी सकाळी ताजातवाना असतो, कोणी सायंकाळी. तरुण वयात तर हा चढ उशिराकडे सरकतो. म्हणून पहाटेचा अभ्यास प्रत्येकाला मानवेलच असे नाही.

आपली वेळ ओळखण्यासाठी सात दिवस एक वही ठेवावी. जागे असताना दर दोन तासांनी आपल्या तरतरीला १ ते ५ पैकी गुण द्यावेत. चहा घेण्यापूर्वी द्यावेत, कारण चहा थकवा झाकतो. अपुऱ्या झोपेचा दिवस हिशेबात धरू नये.

एक उदाहरण घेऊ. एक तरुण सकाळी दहा ते सहा दुकानात काम करून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. गणित तो रात्री दहाला घेतो आणि ते जमत नाही म्हणून खचतो. त्याच्या वहीत सकाळी सहाला २, आठला ४, रात्री आठला ३ आणि दहाला २ असे सरासरी गुण पडले. तेव्हा गणित साडेसात ते नऊ या वेळेत आणावे. उठल्यावर अर्धा तास डोके जड असते. त्या वेळी वर्तमानपत्र वाचावे. रात्री आठला इतिहासाचे वाचन करावे. दहाला फक्त उद्याची वह्या-पुस्तके काढून ठेवावीत व झोपावे.

हा बदल योग्य ठरला की नाही, हे मनाला विचारू नये. तीन दिवस सकाळी व तीन दिवस रात्री, एकाच प्रकारची वीस गणिते तेवढ्याच वेळात सोडवावीत आणि बरोबर उत्तरे मोजावीत. फरक नगण्य असेल तर वेळ बदलण्याचा अट्टाहास नको.

येथे दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. झोप कापून मिळवलेली पहाट ही चढाची वेळ नव्हे. तेथे गुण घसरलेलेच दिसतील. दुसरे असे की, परीक्षेची वेळ आपल्या हाती नसते. बारावीचा पेपर सकाळी अकराला असेल, तर रात्री उत्तम अभ्यास होणाऱ्यानेही शेवटचे दोन आठवडे झोपण्या-उठण्याची वेळ थोडी थोडी अलीकडे आणावी आणि सराव-पेपर अकरालाच सोडवावेत.

घरात एकच खोली असेल, तर चढाच्या वेळी गोंगाटही असू शकतो. अशा वेळी तेवढा दीड तास जवळच्या अभ्यासिकेत काढावा. सोपे लिखाण घरी करता येते.