गिऱ्हाईकाची आवड आणि अत्तराची पाच घराणी

अत्तराच्या दुकानात गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "चाचा, काहीतरी चांगले दाखवा." दुकानदार एकामागून एक कुप्या उघडत जातो. सातव्या-आठव्या कुपीनंतर नाक थकते, सगळे वास सारखेच वाटू लागतात आणि गिऱ्हाईक नेहमीचा गुलाब घेऊन किंवा काहीच न घेता निघून जाते. अशा वेळी दोष मालाचा नसतो. आपल्याला काय आवडते हे सांगायला गिऱ्हाईकाजवळ शब्द नसतात, एवढेच.

आपल्या धंद्यात 'ठंडा' आणि 'गरम' अशी विभागणी जुनीच आहे. उन्हाळ्यात खस-केवडा, थंडीत हिना-शमामा. मोसम पाहण्यापुरती ती ठीक आहे. परंतु खस आणि गुलाब दोन्ही ठंडे असूनही एक आवडणाऱ्याला दुसरा आवडेलच असे नाही. म्हणून सुगंधाच्या कारागिरांनी वासांची घराणी पाडली आहेत. लिंबू-संत्र्याच्या सालीचे आंबट घराणे, गुलाब-मोगऱ्याचे फुलांचे, चंदन-देवदाराचे लाकडाचे, गोड राळेचे अंबर आणि पुदिना, हिरवे गवत, समुद्राची हवा यांची आठवण देणारे ताजे घराणे. काही जण आंबट घराणे ताज्यातच धरतात.

यातल्या 'अंबर' शब्दाने फसगत होते. आपल्याकडे जुने लोक अंबर म्हणतात ते व्हेल माशाच्या पोटातून येणाऱ्या पदार्थाला, आणि त्याचा व्यापार भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. घराण्याचे नाव असलेले अंबर वेगळे: लोबानासारख्या राळा आणि व्हॅनिला यांच्या मिश्रणाचा तो उबदार, गोड वास. गिऱ्हाईकाने अंबर मागितले, तर त्याला कोणता वास हवा आहे हे आधी विचारून घ्यावे.

आता एक उदाहरण पाहू. आमच्या ओळखीचा एक शिंपी वर्षानुवर्षे मोगरा घेई, कारण त्याचे वडील घेत. "सकाळी बरा वाटतो, दुपारी नकोसा होतो," ही त्याची तक्रार. त्याला सुट्टीच्या दिवशी बोलावले, कारण दुकानात इस्त्रीची वाफ आणि नव्या कापडाचा वास नाकात भरलेला असतो. त्या दिवशी तीनच वास दिले. लिंबाचे तेल कागदाच्या पट्टीवर, कारण सालीचे कच्चे तेल अंगाला लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते. मोगरा एका मनगटावर, चंदन दुसऱ्यावर, न चोळता. लावल्यावर लगेच, तासाभराने आणि संध्याकाळी असे तीनदा हुंगायचे, मध्ये नाक थकले तर आपलीच बाही हुंगायची.

लिंबाचा वास पट्टीवर पहिल्यांदा ओसरला. त्याचे कण हलके असतात, लवकर उडतात. माल खोटा म्हणून नव्हे. तासाभराने मोगरा पुन्हा डोक्यात चढू लागला. चंदन मात्र तो विसरूनच गेला होता. संध्याकाळी हात नाकाजवळ नेला तेव्हा म्हणाला, "हे चालेल." म्हणजे लाकडाचे घराणे.

दुसऱ्या खेपेस त्याच घराण्यात फिरवले: चंदन, देवदार, खस. चंदन त्याला दुधाळ वाटले, देवदार कोरडा. खस, म्हणजे वाळ्याचे मूळ, पसंत पडले. तिसऱ्या खेपेस शेजारच्या घराण्यांकडे थोडे सरकवले. खसात थोडे अंबर मिसळून दिले तर गोड म्हणून नाकारले, थोडे लिंबू मिसळले तर खुलला. त्याची आवड कळली: लाकडाचे घराणे, ताज्या बाजूला झुकलेले, गोडापासून लांब. त्याने पाव तोळा खस नेला.

येथे एक चूक होऊ शकते. अस्सल चंदनाचे तेल महाग झाल्याने पुष्कळ अत्तरे आता पॅराफिनसारख्या बिनवासाच्या तेलात बसवतात, आणि स्वस्त मोगऱ्यात कारखान्यातला वास असतो. असा नमुना गिऱ्हाईकाने नाकारला, तर त्याने फुलांचे घराणे नाकारले असे समजू नये. म्हणून शिंप्याला आम्ही चांगल्या प्रतीचा मोगराही एकदा दिला होता. तोही नकोच म्हणाला, तेव्हा खात्री झाली. परीक्षेसाठीच्या कुप्या सर्व एकाच प्रतीच्या ठेवाव्यात, मग त्या पाचच असल्या तरी चालतात.

पुढच्या पावसाळ्यात तो आला तेव्हा आम्ही एकच कुपी काढली: गिल, भाजलेल्या मातीचे कन्नौजचे अत्तर. खसातला मातीचा वास ज्याला आवडतो त्याला हे आवडण्याचा संभव असतो. एक फाया कानात ठेवून तो गेला आणि संध्याकाळी अर्धा तोळा न्यायला परत आला.